उभ्या उडीचे प्रात्यक्षिक : भिंतीवरील खुणेपासून स्प्रेडशीटमधील निष्कर्षापर्यंत

उभी उडी, म्हणजे धाव न घेता जागेवरूनच सरळ वर मारलेली उडी, ही क्रीडाविज्ञानाच्या अभ्यासक्रमातील अगदी कमी साहित्यात होणारी चाचणी असून एक भिंत, खडू, मोजपट्टी आणि वजनकाटा एवढ्यावर ती भागते. मैदानी स्पर्धांत आडव्या दांडीवरून मारतात त्या उंच उडीशी तिचा संबंध नाही, कारण तेथे धाव, वळण आणि शरीर दांडीवरून काढून नेण्याचे कसब लागते, तर उभ्या उडीत पायांचे स्नायू फार थोड्या वेळात किती जोर लावू शकतात एवढेच पाहावयाचे असते. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे दीर्घकाळ संचालक राहिलेले डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये एका लेखात ही चाचणी माणसाच्या शारीरिक क्षमतेची कसोटी म्हणून पुढे मांडली आणि तेव्हापासून ती ‘सार्जंट उडी’ या नावानेही ओळखली जाते. एका शतकात साधने बदलली, भिंतीच्या जागी विद्युत चटई आणि मोबाईलचा कॅमेरा आला आणि आकडेमोड वहीतून स्प्रेडशीटमध्ये गेली. तरीही प्रात्यक्षिकाच्या अहवालातील निष्कर्ष कित्येकदा मोजमापाला पेलणार नाहीत असे असतात. त्यामुळे वहीत उतरलेल्या आकड्यात उडी किती आणि मोजण्याची रीत किती, आणि स्प्रेडशीटच्या साहाय्याने या दोहोंना वेगळे कसे करता येते, हा प्रश्न बारकाईने तपासण्याजोगा ठरतो.

भिंतीवरील पद्धतीत दोन नोंदी घेतल्या जातात. विद्यार्थी भिंतीलगत कडेने उभा राहून टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवतो, भिंतीकडचा हात शक्य तितका वर ताणतो आणि खडू लावलेल्या बोटांनी पहिली खूण करतो, हिला उभी पोच म्हणतात. मग तो उडी मारून सर्वोच्च क्षणी दुसरी खूण करतो, आणि या दोन खुणांमधील अंतर ही उडीची उंची मानली जाते. या वजाबाकीतील कच्चा दुवा बहुतेक वेळा दुसरी खूण नसून पहिली खूण असते. उभी पोच घेताना खांदा पुरता वर उचलला नाही तर पहिली खूण दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली उमटते आणि तेवढीच उंची उडीत फुकटची जमा होते. उडी मारताना मात्र तोच खांदा आपसूक पूर्ण वर जातो. उभी पोच हलक्या हाताने देण्याची ही युक्ती खेळाडूंना फार लवकर सापडते, म्हणून जाणते शिक्षक उभी पोच दोनदा घेतात, दोन्ही वेळी टाचांकडे आणि खांद्याकडे पाहतात आणि त्यांतील मोठा आकडा धरतात.

दुसरी पद्धत हवेतील वेळेची आहे. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतच्या कालावधीला उड्डाणकाल म्हणतात. त्यातील निम्मा वेळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो असे धरले, तर मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या नियमावरून उंची म्हणजे गुरुत्वीय त्वरण गुणिले उड्डाणकालाचा वर्ग भागिले आठ, असे सूत्र मिळते. इटलीचे कार्मेलो बॉस्को यांनी लुहतानेन आणि कोमी या सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये लागोपाठच्या उड्यांवरून शक्ती मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली तीही उड्डाणकालाच्याच मोजणीवर उभी आहे. आज सेकंदाला २४० चित्रचौकटी टिपणारा मोबाईल पुष्कळ विद्यार्थ्यांच्या खिशात असल्याने ही पद्धत कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आली आहे. अर्धा सेकंद हवेत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अशा चित्रणात एक चौकट मागेपुढे मोजली गेली तर उंचीत सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. नेहमीच्या ३० चौकटींच्या चित्रणात मात्र तीच एक चौकट सुमारे चार सेंटिमीटरची चूक घडवते, आणि एवढ्या चुकीत एका पूर्ण हंगामाच्या सरावाचा परिणाम बुडून जाऊ शकतो.

एकच उडी दोन्ही पद्धतींनी मोजली तर काय होते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ६० किलो वजनाच्या एखाद्या विद्यार्थिनीची उभी पोच २२८ सेंटिमीटर आणि उडीतील खूण २७० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीच्या हिशेबाने तिची उडी ४२ सेंटिमीटर ठरते. त्याच उडीचा उड्डाणकाल ०.५२ सेकंद भरला तर सूत्राने येणारी उंची ३३.२ सेंटिमीटर असते. येथे कोणी चुकलेले नाही. भिंतीची पद्धत टाचा टेकलेल्या स्थितीपासून मोजते, तर उड्डाणकाल पायाची बोटे जमिनीवरून सुटल्यापासून सुरू होतो, आणि त्या क्षणापर्यंत टाचा उचलल्याने शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानतात तो बिंदू, आधीच साधारण दहा सेंटिमीटरने वर गेलेला असतो. ही उंची पहिल्या मापात येते, दुसऱ्यात येत नाही. आता याच विद्यार्थिनीने गुडघे वाकवून जमिनीवर पाय टेकवले आणि त्यामुळे ती ०.०४ सेकंद उशिरा टेकली, तर उड्डाणकाल ०.५६ सेकंद होऊन उंची ३८.५ सेंटिमीटर दिसेल, म्हणजे उडी जराही न वाढता पाच सेंटिमीटरची भर पडेल. सूत्र उडण्याची आणि उतरण्याची शरीरस्थिती सारखीच आहे असे गृहीत धरते, आणि पाय सरळ ठेवून, चवड्यांवर उतरण्याची सूचना त्यासाठीच दिली जाते. अशा सूचनेशिवाय घेतलेल्या चाचणीत कोण किती उंच उडाले यापेक्षा कोण किती वाकून उतरले याचेच मोजमाप होत राहते.

उडीची शैलीही आधी ठरवून घ्यावी लागते. झटकन खाली वाकून लगेच वर झेपावण्याला प्रतिगामी हालचालीची उडी म्हणतात आणि वाकलेल्या स्थितीत क्षणभर थांबून, पुन्हा खाली न जाता मारलेल्या उडीला बैठक-उडी म्हणतात. हातांचा झोका घेतला तर उंची दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक वाढते. पहिली उडी दुसरीपेक्षा उंच जाते याचे श्रेय पूर्वी सर्रास ताणलेल्या स्नायूंत आणि स्नायुबंधांत साठलेल्या लवचीक ऊर्जेला दिले जाई. परंतु नेदरलँड्समधील बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये असे दाखवले की खाली जाताना स्नायूंना वर ढकलण्यापूर्वीच पुरेसे बल उभे करण्यास अवधी मिळतो आणि फरकाचा मोठा भाग त्याने समजावता येतो. प्रात्यक्षिकाच्या अहवालांत आजही ‘दोन उड्यांतील फरक म्हणजे साठवलेली लवचीक ऊर्जा’ असे वाक्य येते. ते आता टिकत नाही आणि ते गाळावे हे बरे.

स्प्रेडशीटकडे वळल्यावर पहिला निर्णय रकान्यांचा असतो, आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून राहते. विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, दिवस, प्रयत्न क्रमांक, वजन, उभी पोच आणि उडीतील खूण यांना स्वतंत्र रकाने देऊन प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ दिली, तर मूळ नोंदी जशाच्या तशा राहतात आणि वजाबाकी सूत्राकडून करून घेता येते. उलट, मैदानावरच मनात वजाबाकी करून फक्त ‘४२’ एवढा आकडा उतरवला, तर उभी पोच चुकली होती की उडी खरोखर चांगली होती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. एकाच विद्यार्थ्याची उभी पोच दोन दिवसांत तीन सेंटिमीटरने बदललेली दिसली, तर त्याच्या उडीबद्दल बोलण्याआधी त्या पोचेबद्दल बोलावे लागते, आणि ही तपासणी मूळ नोंदी ठेवल्या असतील तरच शक्य होते.

तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम घ्यावा की सरासरी, हा मतभेद जुना आहे. सर्वोत्तम उडी खेळाडूच्या क्षमतेची कमाल दाखवते हे खरे असले, तरी कमाल ही प्रयत्नांच्या संख्येवर वाढत जाते, त्यामुळे कोणा एकाला तीन आणि दुसऱ्याला ‘आणखी एकदा’ म्हणत पाच संधी मिळाल्या तर तुलना बिघडते. सरासरी या दोषापासून बरीचशी मुक्त असते आणि दोन दिवसांमधील तुलनेत ती अधिक स्थिर राहते. प्रत्येक प्रयत्नाची ओळ वेगळी असल्याने दोन्ही आकडे काढण्यास अडचण येत नाही. फक्त अहवालात कोणता वापरला ते स्पष्ट लिहावे.

आता एक पूर्ण हिशेब पाहणे योग्य ठरेल. आठ विद्यार्थ्यांच्या एका काल्पनिक गटाने भिंतीच्या पद्धतीने, कोणताही विशेष सराव न करता, एका आठवड्याच्या अंतराने दोन दिवस चाचणी दिली असे समजू. पहिल्या दिवसाच्या उंची क्रमाने ३८, ४५, ३१, ५२, २८, ४१, ३६ आणि ४७ सेंटिमीटर, तर दुसऱ्या दिवसाच्या ४०, ४४, ३३, ५२, ३१, ४०, ३८ आणि ४८ सेंटिमीटर आहेत. पहिला दिवस C रकान्यात, दुसरा D रकान्यात आणि दोहोंतील फरक E रकान्यात ठेवला तर लागणारी सूत्रे एवढीच आहेत :

```
=D2-C2
=COUNT(C2:C9)
=AVERAGE(C2:C9)
=CORREL(C2:C9,D2:D9)
=STDEV.S(E2:E9)/SQRT(2)
```

पहिल्या दिवसाची सरासरी ३९.७५ आणि दुसऱ्या दिवसाची ४०.७५ येते. येथेच एक फार सामान्य अपघात घडतो. चौथ्या विद्यार्थ्याची पहिल्या दिवसाची नोंद कोणी ‘52 cm’ अशी एककासह टंकित केली, तर स्प्रेडशीट तिला संख्या न मानता मजकूर मानते, AVERAGE तिला काहीही न कळवता वगळते आणि उरलेल्या सातांची सरासरी ३८.० दाखवते. गटातील सर्वांत उंच उडी नाहीशी झाल्याने पहिला दिवस खाली येतो आणि एका आठवड्यातील वाढ एक सेंटिमीटरऐवजी पावणेतीन सेंटिमीटर दिसू लागते. पडद्यावर याची खूण असते : मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो तर संख्या उजव्या कडेला राहतात, COUNT आठऐवजी सात सांगते, आणि फरकाच्या रकान्यात त्या ओळीला #VALUE! असा संदेश येतो. तो संदेश पुसून टाकण्यापेक्षा त्याचा माग काढणे हेच या प्रात्यक्षिकातील खरे शिक्षण म्हणावे लागेल. हुकलेल्या प्रयत्नाची चौकट रिकामी ठेवावी लागते, याचेही कारण हेच आहे. तेथे शून्य लिहिले तर AVERAGE ते शून्य उडी म्हणून मोजते.

सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन रकान्यांतील चढउतार किती बरोबरीने होतात हे उणे एक ते अधिक एक या मर्यादेत सांगणारी संख्या, या उदाहरणात ०.९९ येतो. अहवालात यावरून ‘चाचणी अत्यंत विश्वसनीय आहे’ असे लिहून विषय संपवण्याची रीत पडली आहे, पण गुणांकाला फक्त क्रम आणि अंतरांचे प्रमाण दिसते. सगळ्यांची उंची दुसऱ्या दिवशी पाच सेंटिमीटरने वाढली असती तरी तो तेवढाच राहिला असता. शिवाय गटात २८ पासून ५२ पर्यंत मोठा पल्ला असल्याने गुणांक आपोआप वर जातो, आणि तेवढ्याच काळजीने मोजलेल्या पण साऱ्याच चांगल्या उडणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंच्या गटात तो बराच खाली आला असता. म्हणून सेंटिमीटरमध्येच उत्तर देणारी मापनत्रुटी, म्हणजे तोच माणूस त्याच अवस्थेत पुन्हा मोजला तर आकडा साधारण किती मागेपुढे होतो याचे माप, अधिक उपयोगी पडते. न्यूझीलंडमधील विल हॉपकिन्स यांनी २००० च्या सुमारास क्रीडाविज्ञानात हे माप रूढ केले. ते काढण्यासाठी फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती त्यांचा विखुरलेपणा, दोनच्या वर्गमुळाने भागतात, कारण प्रत्येक फरकात दोन दिवसांच्या दोन चुका मिसळलेल्या असतात आणि आपल्याला एका मोजणीची चूक हवी असते.

वरील आठ फरक +२, −१, +२, ०, +३, −१, +२ आणि +१ असे आहेत. त्यांची सरासरी १.० आणि प्रमाण विचलन १.५१ येते, म्हणून मापनत्रुटी १.०७ सेंटिमीटर ठरते. फरकांचे प्रमाण विचलन १.९६ ने गुणले की सुमारे तीन सेंटिमीटर ही मर्यादा मिळते, आणि एकट्या विद्यार्थ्यातील बदल तिच्याहून लहान असेल तर तो केवळ मोजणीतील चढउतारानेही घडू शकतो, असा तिचा अर्थ आहे. आठच विद्यार्थी असल्याने ही मर्यादा ढोबळ समजावी. पाचव्या विद्यार्थ्याची उडी २८ वरून ३१ झाली, म्हणजे ती बरोबर या काठावर आहे. त्याच्या तीन सेंटिमीटरपैकी एक तर साऱ्या गटालाच मिळालेला असून तो बहुधा चाचणीची सवय झाल्याचा परिणाम आहे. दुसरे असे की पहिल्या दिवशी तो सर्वांत खाली होता, आणि सर्वांत खालच्या आकड्यात दुर्दैवी चुकीचाही वाटा असण्याची शक्यता अधिक असल्याने पुढच्या वेळी तो सरासरीकडे सरकणे अपेक्षितच असते. या सरकण्याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणे म्हणतात. ‘सर्वांत कमजोर विद्यार्थ्याने सर्वाधिक प्रगती केली’ हे वाक्य वाचायला कितीही गोड वाटले तरी या आकड्यांवरून ते लिहिता येत नाही. सवयीचा परिणाम वेगळा काढावयाचा तर मूळ चाचणीपूर्वी एक दिवस केवळ ओळखीचा ठेवावा लागतो, आणि वेळापत्रकात एवढी जागा काढणे जड जात असले तरी दुसरा मार्ग नाही.

उडीच्या उंचीवरून शक्ती, म्हणजे एका सेकंदात होणारे कार्य, काढण्याची पायरी जवळजवळ प्रत्येक प्रात्यक्षिकात असते आणि सर्वाधिक गैरसमज तेथेच होतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील लुईस सूत्रात ४.९ चे वर्गमूळ, वजन आणि मीटरमधील उंचीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करतात, आणि वॅटमध्ये उत्तर हवे असल्यास त्याला ९.८१ ने गुणतात. वरील विद्यार्थिनीसाठी, उंची ४२ सेंटिमीटर धरून, हे उत्तर सुमारे ८४४ वॅट येते. सेयर्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बलमापक मंचावरील, म्हणजे पायांनी जमिनीला दिलेले बल क्षणोक्षणी नोंदवणाऱ्या पाटावरील, उड्यांवरून जे समीकरण बसवले ते स्प्रेडशीटमध्ये, वजन B रकान्यात आणि उंची सेंटिमीटरमध्ये C रकान्यात असताना, असे लिहितात :

```
=60.7*C2+45.3*B2-2055
```

त्याच विद्यार्थिनीसाठी याचे उत्तर ३,२१२ वॅट, म्हणजे जवळजवळ चौपट आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने लुईस सूत्र ४२ सेंटिमीटरवरून खाली पडणाऱ्या शरीरावर गुरुत्वाकर्षण सरासरी किती शक्तीने कार्य करते एवढेच सांगते, आणि वर झेपावताना पायांनी लावलेल्या जोराचा वेळ त्यात कोठेच येत नाही. सेयर्स समीकरण झेपेतील सर्वोच्च क्षणाच्या शक्तीचा अंदाज देते, परंतु तो शेवटी एका विशिष्ट गटावरून बांधलेला अंदाज आहे. त्यात उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर ६०.७ वॅटचा असल्याने भिंतीच्या ४२ ऐवजी उड्डाणकालाची ३३.२ ही उंची घातली की एकाच उडीत सुमारे ५३४ वॅटची घट होते. कोणती उंची वापरली हे न लिहिता दिलेला वॅटचा आकडा म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

याच समीकरणातून एक फसवा आलेखही जन्माला येतो. आडव्या अक्षावर वजन आणि उभ्या अक्षावर सेयर्स शक्ती घेतली की बिंदू सुबकपणे वर चढत जातात, कलरेषा नीट बसते आणि ‘वजन व शक्ती यांत दृढ सहसंबंध आढळला’ असा निष्कर्ष निघतो. परंतु वजन समीकरणातच ४५.३ ने गुणून घातलेले आहे, त्यामुळे ५० आणि ७५ किलोच्या दोन विद्यार्थ्यांनी अगदी सारखीच ४२ सेंटिमीटरची उडी मारली तरी त्यांच्या शक्तीत १,१३२.५ वॅटचा फरक पडणारच. हा फरक विद्यार्थ्यांच्या स्नायूंत नाही, सूत्रात आहे. उंची रकान्यात मनाला येतील ते आकडे भरले, तरी विद्यार्थ्यांच्या वजनांत पुरेसा फरक असला की तो चढ बहुधा दिसतोच, आणि असा एक बनावट रकाना वर्गात मुद्दाम भरून दाखवला तर विद्यार्थ्यांच्या ते चटकन ध्यानात येते. वजनाचा उडीशी संबंध खरोखर तपासायचा असेल, तर वजनासमोर मोजलेली उंचीच मांडावी. दोन्ही राशी तेथे स्वतंत्रपणे मोजलेल्या असतात, आणि बिंदू विखुरलेले दिसले तर तो विखुरलेपणा तसाच अहवालात द्यावा.